कॅमेरा वळवला की भिंतीवरचा रंग गायब होतो

>> "पिवळा ढीग फ्रेमबाहेर गेला की भिंतीवरची पिवळी झाक पटकन उडते, इंटेन्सिटी वाढवून बघू का?"

नको, इंटेन्सिटी वाढवून फक्त ढीग दिसत असताना जास्त पिवळं होईल. ढिगावरून भिंतीवर परतणारा उजेड तुम्ही स्क्रीन-स्पेस GI ने काढताय, म्हणजे रे सोडून, पण फक्त स्क्रीनवर जे दिसतंय त्यावरूनच. खरी गडबड अशी की जो रे स्क्रीनबाहेर जातो त्याला तुमचा शेडर काळा धरतो, आणि काळा म्हणजे 'तिथे उजेड नाही', पण आपल्याला तर तिथलं काही माहीतच नाही. आम्ही सांगलीच्या मार्केट यार्डातला हळदीचा सीन करत होतो, चुन्याच्या भिंतीला लागून हळदीचे ढीग, तिथे हेच झालं. समजा पिक्सेलमागे 8 रे आहेत, 5 ढिगाला लागतात, 3 चुकतात. त्या 3 रेंना त्यांच्याच दिशेने जवळच्या प्रोबमधला, म्हणजे सीनमधल्या एका जागेवरून चहूबाजूचा उजेड आधीच कॅप्चर करून ठेवलेला असतो त्यातला, रंग द्यायचा, मग 8 चा ॲव्हरेज. प्रोबचा उजेड सरसकट वरून मिळवू नका, 5 रेंचा पिवळा दोनदा मोजला जातो आणि भिंत भडक होते.

हिट, म्हणजे रे जिथे ढिगाला लागतो ती जागा, स्क्रीनच्या कडेला आल्यावर तिचं वजन हळूहळू शून्यावर न्या, उरलेलं प्रोबला द्या, नाहीतर झटका दिसतोच. आणि हिटचा रंग मागच्या फ्रेमच्या फक्त डायरेक्ट लाइटच्या बफरमधून घ्या, फायनल फ्रेममधून घेतला की एकच बाउन्स राहत नाही, उजेड दर फ्रेमला परत फिरत राहतो. तपासायला चुकलेले रे गुलाबी रंगवा, कुठे प्रोबवर चाललंय ते लगेच कळतं. ढिगाच्या बुडाशी मात्र प्रोबचा पिवळा जरा पसरट येणार, आणि ढीग हलवला तर प्रोब परत कॅप्चर करावाच लागतो.