उजव्या ओव्हरीत सिस्ट, काढायची की थांबायचं? लवकर सांगा

खानापूरची_सून: सोनोग्राफीत ४.२ सेमीची सिस्ट निघालीय. डॉक्टर कन्नडमध्ये भराभर बोलल्या, सहा आठवड्यांनी या म्हणाल्या, गोळीसुद्धा दिली नाही. सासूबाई म्हणतात कोल्हापूरला जाऊन काढूनच टाकू. परवा निघायचंय, काय करू?

निपाणी_अक्का: वय काय? पाळी कधीची, सोनोग्राफी कधीची? रिपोर्टात काय लिहिलंय ते टाक की गं, नुसत्या ४.२ वरनं काय कळणार.

शहापूरची_काकू: मला पण होतं हे पीसीओडी. भात बंद कर, मेथीचं पाणी घे.

निपाणी_अक्का: काकू, पीसीओडीत बारक्या बारक्या पुष्कळ असतात, एक सेमीच्या आतल्या. हिची एकच मोठी आहे, ते वेगळं.

खानापूरची_सून: वय २८. पाळी २ तारखेला, सोनोग्राफी २५ ला, उजवीकडं दुखत होतं म्हणून. 'हेमोरेजिक सिस्ट, आत जाळी' असं लिहिलंय. रक्त म्हटल्यावर सगळेच घाबरलेत. आज ४ तारीख, पाळी अजून नाही!!

निपाणी_अक्का: हे आधी सांगायचं ना. पहिल्यांदा प्रेग्नन्सी टेस्ट कर, पाळी लांबलीय आणि एका बाजूला दुखतंय तर गर्भ नळीत नाही ना हे बघायलाच पाहिजे.

आता तारखा बघ. २५ म्हणजे चोविसावा दिवस, तोवर बीज सुटून गेलेलं असतं. ते ज्या फॉलिकलमधनं सुटतं त्याचंच कॉर्पस ल्युटियम होतं, गर्भ नाही राहिला तर साधारण दोन आठवड्यांत सुकतं. कधी ते सुकायच्या ऐवजी आत रक्त साठून फुगतं, ते रक्त गोठलं की जाळी दिसते. तुझं तेच वाटतंय. प्रोजेस्टेरॉन करत राहिलं तर पाळी पण लांबते. शरीर ते रक्त हळूहळू शोषून घेतं, एकदोन पाळ्या जाऊ देत.

सांबऱ्याचा_दादा: माझ्या बायकोचं बीज फुटलंच नव्हतं, फॉलिकलच फुगत गेलं, ५ सेमी. तीन महिने गोळ्या दिल्या तेव्हा विरघळली. गोळी मागून घ्या.

निपाणी_अक्का: दादा, तशी पण आपोआपच जाते. गोळीनं लवकर जाते का हे तपासून झालंय, फरक पडत नाही. नवीन व्हायची थांबते एवढंच.

सांबऱ्याचा_दादा: मग डॉक्टरनं उगंच दिली काय?

खानापूरची_सून: टेस्ट निगेटिव्ह. परत २५ लाच जाऊ का?

निपाणी_अक्का: नको! तेव्हा नवीन कॉर्पस ल्युटियम असेल, जुनीच राहिली वाटून घोळ होईल. एक पाळी जाऊ दे, पुढच्या पाळीच्या पाचव्या ते दहाव्या दिवसात जा. तेव्हाही तशीच असली तर मग एंडोमेट्रिओसिसची वगैरे आहे का बघतील. मधेच एकदम जोरात दुखून उलटी झाली किंवा चक्कर आली तर मात्र रात्र असली तरी दवाखाना गाठ, ओव्हरीला पीळ पडतो कधीकधी.

शहापूरची_काकू: पण काढून टाकलेलं काय वाईट? माझ्या जावेनं काढली.

खानापूरची_सून: सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणतात, ही अक्का कोण, डॉक्टर आहे का?

निपाणी_अक्का: नाही ओ, सोनोग्राफीच्या खोलीत बारा वर्षं काम केलंय. कोल्हापूरला जायचंच असेल तर जा, पण रिपोर्टावर पाळीची तारीख लिहून न्या.