मदत हवी आहे: होमस्टेवाल्यांना कोकम सरबतासाठी एकत्र काम करूया असं कसं विचारू?

आगळवाली

नमस्कार मंडळी. शृंगारतळीजवळ माझं आणि सासूबाईंचं घरगुती कोकमाचं काम आहे. आगळ, आमसुलं आणि सरबताचा पाक. रातांबे एप्रिल-मेमध्ये येतात, जूनचा पाऊस लागला की खेळ संपला, त्यामुळे दीड महिन्यात जे करू तेच वर्षभर विकायचं. यंदा सरबताच्या ३०० बाटल्या भरल्या, त्यातल्या १२० अजून घरात आहेत. आजवर दुकानांना देत होते पण एका दुकानाने दोन-दोन महिने पैसे अडवले, फोन केला की "सीझन संपू दे" म्हणायचं, म्हणून यंदा तिथे माल टाकलाच नाही.

वेळणेश्वरला ओळखीच्या एक वहिनी आणि दादा सहा खोल्यांचा होमस्टे चालवतात. जेवण वहिनी स्वतः करतात, माणसं चांगली आहेत. मला वाटतंय त्यांच्याशी जोडून काम करावं. आमच्याकडून पुण्या-मुंबईला सीझनला साधारण ४० पार्सलं जातात आणि त्यातले बरेच जण विचारतात की तिकडे राहायला कुठे चांगलं, तर तीही गिऱ्हाइकं मी त्यांच्याकडे पाठवू शकते. असा मेसेज लिहिलाय:

"वहिनी नमस्कार. तुमच्याकडे येणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना आमच्यातर्फे कोकम सरबत वेलकम ड्रिंक म्हणून फ्री देऊया. सरबताच्या ५० बाटल्या, शिवाय आगळ, आमसुलं सगळं तुमच्याकडे ठेवते, विकलं जाईल तसे पैसे द्या. मी पार्सलमध्ये तुमचं कार्ड टाकेन. दोघांचाही फायदा होईल."

बाटली ७०० मिलीची, एमआरपी १८०. मला स्वतःची मजुरी धरून ११० ला पडते. त्यांना १४० ला द्यायची म्हणते. मेसेज बरोबर आहे का? पाठवायच्या आधी दहा वेळा वाचला पण काहीतरी खटकतंय.

राजापूरकर

ताई, असं तोंडी काही करू नका. भागीदारी करा, नफा निम्मा-निम्मा, स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या. आणि लेबलवर जीआय टॅग टाका, रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला मिळालाय ना, भाव वाढवून मिळेल. घरगुती आहे म्हटल्यावर परवान्याची भानगड नाही.

सागवानी_दार

मी चार वर्षं दापोलीकडे होमस्टे चालवलाय आणि त्याआधी लोणची दुकानांना पुरवायचो, म्हणजे दोन्ही बाजूंनी भाजून निघालोय.

आधी राजापूरकरांचं बघू. लिहून ठेवा हे बरोबर, पण भागीदारी नको. भागीदारीत एकाच्या देण्याला दुसराही जबाबदार होतो, आणि नफा निम्मा म्हटलं की मग त्यांच्या गॅसचा खर्च किती आणि तुमच्या साखरेचा किती हे एकमेकांना दाखवत बसायचं. इथे साधी खरेदी-विक्री आहे, ती तशीच राहू दे. जीआय कोकमाला आहे हे खरं, पण ते नाव लेबलवर वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंदणी करावी लागते, आपलं कोकण म्हणून टाकलं असं चालत नाही. आणि घरगुती असलं तरी एफएसएसएआयची नोंदणी लागतेच, चौदा आकडी नंबर बाटलीवर हवा. ताई, तुमच्याकडे असेलच.

आता तुमचा मेसेज. खटकतंय ते बरोबर खटकतंय, कारण त्यात तुम्ही सगळंच द्यायला निघालात. फुकट सरबताचा हिशोब करून बघा. ग्लासाला ३० मिली पाक धरला तर एका बाटलीत २३ ग्लास होतात. वीकेंडला १५ पाहुणे म्हणजे महिन्याला ६० ग्लास, म्हणजे जवळपास तीन बाटल्या. तुमच्या घरातून ३३० रुपये गेले. तुम्हाला बाटलीमागे सुटणार ३० रुपये, म्हणजे ११ बाटल्या विकल्या की मग कुठे तुम्ही शून्यावर येणार. पहिल्या महिन्यात ११ विकल्या जातीलच असं कोणी सांगितलंय?

दुसरं म्हणजे, किती विकलं गेलं, हे तुम्हाला कळणार कसं? ५० बाटल्या आणि तीन प्रकारचा माल एकदम नेऊन ठेवला की वहिनींना ते सांभाळायचं ओझं होतं. मला एकदा एका मसालेवाल्या बाईंनी असंच दोन खोकी भरून ठेवायला दिलं होतं. त्यातलं किती विकलं, किती माझ्याच स्वयंपाकघरात वापरलं गेलं, काही लिहिलेलंच नव्हतं. हिशोबाला बसलो तेव्हा दोघेही गप्प, आणि चूक माझी जास्त होती. ते संबंध नंतर पूर्वीसारखे झाले नाहीत.

पालशेतची_लेक

माझ्याकडे रातांब्याच्या बिया पोतंभर पडल्यात, कोकमतेल काढणारं गुहागर साईडला कोणी आहे का? आगळवाली ताई तुम्ही बियांचं काय करता? वेगळा धागा काढू का?

आगळवाली

@पालशेतची_लेक आम्ही बिया वाळवून चिपळूणच्या एका माणसाला देतो, व्यनि करते. वेगळा धागा काढाच, बऱ्याच जणांना उपयोग होईल.

@सागवानी_दार ११ बाटल्यांचा हिशोब मी केलाच नव्हता हो. मला वाटलं दोन-तीन बाटल्या म्हणजे काय मोठंसं. मग काहीच फुकट द्यायचं नाही का? आणि नोंदणी आहे, नंबर छापलाय.

सागवानी_दार

फुकट द्या पण ठरवून, एक बाटली, एकदाच. त्याहून महत्त्वाचं विचारतो: वहिनी सोलकढी करतात ना? आगळ कुठून घेतात हे विचारलंत का कधी?

माशाच्या जेवणाला सोलकढी रोजच लागते, सहा खोल्या भरलेल्या असतील तर एका वीकेंडला लिटरभर आगळ सहज जातं. म्हणजे ही वस्तू त्या आधीपासून पैसे देऊन विकत घेतायत. तिथे तुम्हाला काही पटवायचं नाही, फक्त चव आणि भाव. आणि माझा अनुभव असा की बाटली विकते ती ताटामुळे. पाहुणा दुसरी वाटी मागतो आणि विचारतो हे कशाचं आहे, त्या वेळी वहिनी म्हणाल्या की शृंगारतळीची एक बाई करते, ही बघा तिची बाटली, तर तो घेऊन जातो. नुसत्या शेल्फवर ठेवलेली बाटली आमच्याकडे उन्हाळाभर तशीच राहायची.

पण आगळ पाहुण्यांना विकायला ठेवू नका, निदान पहिल्यांदा नको. ते मिठातलं असतं हे शहरातल्या माणसाला माहीत नसतं, दोन्ही बाटल्या लालच दिसतात, घरी जाऊन तो आगळात साखर-पाणी घालून सरबत करतो आणि मग फोन करतो की तुमचा माल खारट निघाला. आगळ स्वयंपाकघरात, सरबत पाहुण्यांना. एवढं वेगळं ठेवलंत तरी निम्मी तक्रार टळेल.

मावळतीचा_वारा

एक बायकांच्या अनुभवातलं सांगते. आमच्या बचत गटाच्या सरबताच्या बाटल्या एका हॉटेलच्या व्हरांड्यात दुपारच्या उन्हात ठेवल्या होत्या. दोन आठवड्यांनी झाकण उघडलं की फस्स आवाज, वर फेस, वास ताडीसारखा. आमच्या रातांब्यांना धुतल्यावर पाणी राहिलं होतं, नीट सुकवले नव्हते, त्यात ऊन. परत घेऊन ओतून द्याव्या लागल्या, आणि कोणाच्या खिशातून यावरून वाद. म्हणून खराब माल कोणाचा हे आधीच बोलून घ्या.

आगळवाली

बरोबर आहे, आमच्याही एका घाण्याला मागच्या वर्षी असं झालं होतं, आणि तिथेही ओलच कारण होती. तेव्हापासून सालं पंच्यावर पसरून पूर्ण कोरडी झाल्याशिवाय साखर लावत नाही. पण उन्हात ठेवू नका हे मी लिहायला हवं. खराब निघालेली बाटली माझी, हे मी मनापासून मान्य करते. हातातून पडून फुटलेली त्यांची, हे मात्र वहिनींना सांगायला जीभ उचलत नाही.

सागवानी_दार

मग फुटलेलीही पहिल्या महिन्यात तुमचीच ठेवा. सुरुवातीला ५० नको, १२ बाटल्याच ठेवा, त्यात एखादी फुटेल, ११० रुपये. नंतर बघू. पण कोणाची हे मेसेजमध्ये लिहा, कारण न लिहिलेलं दोघं वेगवेगळं समजतात.

राजापूरकर

भागीदारीचं मागे घेतो. पण सुरुवात दिवाळीच्या सुट्टीत करा असं मी म्हणेन. तेव्हाच तर गर्दी, एका आठवड्यात ५० बाटल्या जातील.

सागवानी_दार

गर्दीत विक्री होते हे खरं, पण दिवाळीत वहिनींना पाणी प्यायला फुरसत नसते, वहीत कोण लिहिणार? मी दिवाळीनंतरचे चार साधे वीकेंड धरेन.

मावळतीचा_वारा

मला नाही पटत. साध्या वीकेंडला दोन खोल्या भरल्या तर बाटल्या हलणारच नाहीत आणि वहिनींना वाटेल की यात काही दम नाही.

आगळवाली

दोघांचंही पटतंय, वहिनींनाच विचारते त्यांना कधी सोयीचं. सगळं वाचून परत लिहिलंय, बघा:

"वहिनी नमस्कार. तुम्ही सोलकढीला आगळ कुठलं वापरता माहीत नाही, पण आमचं एक लिटर तुम्हाला चाखायला आणते, आवडलं तरच पुढचं बोलू. आवडलं तर स्वयंपाकघरासाठी लागेल तसं विकत घ्या, रोख. त्यासोबत चार वीकेंडसाठी सरबताच्या १२ बाटल्या ठेवते आणि एक जास्तीची पाहुण्यांना चव द्यायला, ती माझ्याकडून. विक्री १८० ला, तुम्ही मला १४० द्यायचे, ४० तुमचे. माझ्याकडून एक छोटी वही आणि सरबत कसं करायचं ते लिहिलेली चिठ्ठी. तुमच्याकडून घरातली सावलीतली एक फळी, आणि विकली की वहीत एक रेघ. चौथ्या सोमवारी मी येते, बाटल्या मोजू, विकल्या तेवढ्याचेच पैसे, उरलेल्या मी परत नेते. खराब निघाली किंवा फुटली तर या महिन्यात माझी. माझ्या पार्सलांमध्ये तुमचं कार्ड टाकते, कार्डाच्या मागे मी खूण करेन म्हणजे कोणी ते घेऊन आलं तर तुम्हाला कळेल. महिन्याने जमलं नाही असं वाटलं तर मोकळेपणाने सांगा, मला वाईट वाटणार नाही. दिवाळीत सुरू करायचं की नंतर, ते तुम्ही सांगा."

सागवानी_दार

कार्डावरची खूण हे मला सुचलं नव्हतं. त्यांच्याकडे तुमच्यामुळे किती आले हे त्यांनाही दिसायला हवं, नाहीतर सगळं देणं त्यांचंच वाटतं. पाठवा.

आगळवाली

अपडेट. काल स्वतः जाऊन आले, मेसेज न पाठवता वाचूनच दाखवला. वहिनींनी आगळ बोटावर घेऊन चाखलं, म्हणाल्या आम्ही बाजारातलं आणतो त्यात नुसतं मीठच लागतं. एक लिटर तिथल्या तिथे विकत घेतलं, चाखायला आणलेलं असूनही पैसे दिले. सुरुवात दिवाळीनंतर, त्याच म्हणाल्या.

पण दादांनी एक अट घातलीय, की शेजारच्या होमस्टेंना माल द्यायचा नाही. घरात १२० बाटल्या असताना १२ बाटल्यांसाठी असं बांधून घ्यावं का? मी विचार करून सांगते म्हणाले.

राजापूरकर

नाही म्हणा सरळ.

मावळतीचा_वारा

सरळ नाही नको. आम्ही एकदा "या महिन्यापुरतं तुमच्या वाडीत दुसऱ्याला देत नाही" असं म्हटलं होतं, तेवढं पुरलं. पण आमच्याकडे माल कमी होता, तुमचं वेगळं आहे.

सागवानी_दार

महिन्यापुरतं आणि वेळणेश्वरपुरतं, एवढं मी कबूल करेन. त्यापुढे अट हवी असेल तर महिन्याला किमान किती बाटल्या घेणार हे दादांनी सांगायला हवं. आकडा काय मागायचा ते मात्र तुमच्या वहीतल्या चार वीकेंडच्या रेघा बघूनच ठरवा.