मदत हवी आहे: म्युटेक्स सुटला, तरी टास्कची प्रायॉरिटी खाली का येत नाही?

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या भट्टीसाठी तापमान कंट्रोलर आहे, त्यावर फ्रीआरटीओएस चालतं. कंट्रोल टास्कची प्रायॉरिटी 4, मॉडबसची 3, लॉगरची 1. कंट्रोल आणि लॉगर एकच आय-टू-सी बस वापरतात.

जुन्या कोडमध्ये बसला बायनरी सेमाफोर होता. लॉगरने बस धरली की कंट्रोल थांबायचा. तेवढ्यात मॉडबस जागा होऊन लॉगरला बाजूला सारायचा. म्हणजे बसशी काही घेणंदेणं नसलेला मॉडबस 4 वाल्याला अडवून बसणार! 10 मिलिसेकंदांचं चक्र चुकायचं आणि वॉचडॉग बोर्ड रीसेट करायचा. बायनरी सेमाफोरला मालक नसतो, त्यामुळे कर्नलने प्रायॉरिटी वाढवायची तरी कुणाची? म्हणून हे केलं:

```c
busLock = xSemaphoreCreateMutex();
```

आता कंट्रोल वाट बघू लागला की लॉगर तात्पुरता 4 वर जातो, मॉडबस मध्ये घुसत नाही. रीसेट थांबले.

पण लॉगर एसडी कार्डाचा दुसरा म्युटेक्सही धरतो. बस आधी सोडतो, मग कार्डावर लिहितो, आणि लिहून होईपर्यंत 4 वरच राहतो. मॉडबसचं उत्तर उशिरा जातं, पीएलसी टाइमआउट दाखवतो. `tasks.c` मध्ये पाहिलं, तर `xTaskPriorityDisinherit()` हातातले सगळे म्युटेक्स सुटल्यावरच मूळ प्रायॉरिटी परत देतं.

कर्नलला हात न लावता काय करावं? बसवरचं वाचन आधी उरकून, ती सोडूनच कार्डाचा म्युटेक्स घ्यावा, की बससाठी वेगळा टास्क आणि क्यू ठेवावी? कुणी असं केलंय का?