भेंडीची तार काही केल्या जात नाही, आणि घेताना कोवळी कशी ओळखायची? (मदत हवी आहे)

डबेवाली_आई
नमस्कार मंडळी, भेंडीने वैताग आणलाय. घरात दोघांनाही डब्यात परतलेली भेंडीच हवी असते आणि माझी भाजी दुपारपर्यंत अशी काही बुळबुळीत होते की घास उचलला की मागे तार येते. पद्धत सांगते, कुठे गडबड आहे बघा. अर्धा किलो भेंडी सकाळी धुवायची, फडक्याने वरवर पुसायची, घाई असते म्हणून लगेच पातळ चकत्या. छोट्या कढईत तेल, मोहरी, हिंग, हळद, मिरची, मग भेंडी, त्यावर मीठ आणि झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं, मधेमधे ढवळते.
दुसरं म्हणजे वरून हिरवीगार दिसते आणि घरी चिरायला घेतली की निम्मी जून निघते. आमचा भाजीवाला शेंडा मोडू देत नाही, "मोडलेली कोण घेणार ताई" म्हणतो, आणि त्याचंही खरंच आहे. न मोडता कसं कळणार? आणि हो, दही-लिंबू सुचवू नका, लेकाला आंबट अजिबात चालत नाही.

खवय्या_नाशिककर
कुरकुरीत हवी असेल तर उभी पातळ चिरा, बी काढा, बेसन आणि थोडं तांदळाचं पीठ भुरभुरवून गरम तेलात तळा, वरून चाट मसाला. तार बीर काही नाही, वरणभाताबरोबर तर एकदम भारी लागते!!

डबेवाली_आई
अहो दादा, कुरकुरीत नकोय, साधी डब्याची परतलेली भाजी हवीये. तळलेली दुपारपर्यंत मऊ पडणार ती पडणारच.

पोळीभाजी_काकू
आमचं पोळीभाजी केंद्र आहे, भेंडी आठवड्यातून दोनदा तरी असतेच, त्यामुळे बोलते. तुझ्या पद्धतीत तेल-फोडणीचं काही बिघडलेलं नाही, पाणी बिघडवतंय. भेंडीच्या आतला चिकट रस पाणी मिळालं की फुगतो आणि सुटतो. तुझ्याकडे पाणी चार वाटांनी येतंय, धुतल्याची ओल, मीठ आधी घातल्याने सुटलेलं, झाकणाखालची वाफ, आणि छोट्या कढईत अर्धा किलो कोंबल्यावर खालची भेंडी परतली न जाता उकडतेच. वर पातळ चकत्या, म्हणजे जितके जास्त काप तितका रस बाहेर.
आता असं कर. भेंडी रात्रीच धू, चाळणीत निथळू दे, मग एकेक पुसून ताटावर पसरून पंख्याखाली ठेव. देठाच्या टोपीखाली पाणी लपून बसतं, तिथे फडकं नीट फिरव. सकाळी सुरी, पाट, हात सगळं कोरडं. देठ-शेंडा काढून पाऊण इंचाचे तुकडे कर, आणि सुरीला चिकट आलं की पुसत जा, नाहीतर तोच चिकटा पुढच्या तुकड्यांना लागतो.
पसरट कढई घे, मोठी नसेल तर पाव-पाव किलो दोन वेळा कर. तेल अर्ध्या किलोला चार चमचे तरी लागेल, यात कंजुषी नको. आच मोठी, झाकण नाही. आणि हे नीट वाच, पहिली पाच-सात मिनिटं तार उलट वाढलेली दिसते, उलथन्याला धागे लटकतात. इथेच बायका घाबरतात, झाकण ठेवतात नाहीतर पाण्याचा हबका मारतात, आणि मग ती भाजी गेलीच. तसंच राहू दे, दोन मिनिटांनी एकदाच खालून वर उलटव, सारखं ढवळून तुकडे मोडू नको. हळूहळू धागे तुटायला लागतात, कडा तांबूस होतात, तुकडे एकमेकांपासून सुटे होतात. मग आच कमी करून मीठ, वरून दाण्याचं कूट. आणि डबा गरम गरम बंद करू नको, झाकणाला घाम येतो आणि तोच भाजीत टपकतो. निदान कोमट होऊ दे.

स्वाती_ठाणे
मी तर रात्रीच चिरून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवते, सकाळी तार निम्मी होते. चिरून ठेवल्याने सुकते ना.

पोळीभाजी_काकू
सुकते ती पसरून ठेवली तर. बंद डब्यात ओल आतच कोंडते, सकाळी तुकडे एकमेकांना चिकटलेले आणि कापाच्या कडा काळपट. चिरूनच ठेवायची असेल तर कागदावर एका थरात, उघडी ठेवा.

स्वाती_ठाणे
माझी नाही होत काळी 🙄 डब्यात खाली टिश्यू घालते म्हणून असेल.

वाफ्यावरून
भेंडी लावतो म्हणून घेण्याबद्दल लिहितो. ताई, जून आणि शिळी हे दोन वेगळे प्रकार आहेत, तुम्ही एकच धरताय. फूल पडल्यावर पाच-सहा दिवसांत शेंग तोडणीला येते, म्हणून दिवसाआड तोडा करावा लागतो. पाऊस किंवा मजूर, काहीही कारणाने तोडा चुकला की उन्हाळ्यात दोन दिवसांत तीच शेंग दोऱ्याची होते. मग व्यापारी कोवळ्यात मिसळतो, म्हणून निम्मी निम्मी निघते. जून शेंग हाताला टणकच लागते, फसवते ती तिथेच. शिळी मात्र कोवळी असली तरी मऊ पडून वाकते, चिरताना त्रास देत नाही पण चिकट जास्त वाटते.
मोडायची गरज नाही. शेंडा अंगठ्याने नुसता अलगद दाबा. कोवळा ताठ राहतो, आणखी रेटलं तर कट्कन तुटेल असं बोटालाच कळतं, तिथेच थांबा. जुनाचा शेंडा दोरीसारखा वळतो, तुटत नाही. मग दोन बोटांत धरून शेंगेवर हलकेच फिरवा, बिया मण्यांसारख्या टोचल्या तर ठेवून द्या. देठाचा काप बघा, ओलसर फिकट असेल तर माल ताजा, वाळून तपकिरी झाला असेल तर जुना. नुसत्या हिरव्या तकाकीवर जाऊ नका, पाणी मारलं की सगळीच तकतकते.
आमच्या साध्या वाणाला बोटाएवढी, तीन-चार इंचाची बरी.

मांडवीकाठ
लांबीचा नियम गोव्यात नाही चालत हां. आमच्या जुव्यातल्या सात शिरांच्या भेंड्या वीतभर लांब असतात तरी कोवळ्या. त्या लांब बघून सोडून दिल्या तर नुकसान तुमचंच. आणि तार घालवायला आम्ही दोन-तीन सोलां घालतो, फार आंबट होत नाही.

पोळीभाजी_काकू
आमसुलाने तार मोडते हे खरं, पण हिरवा रंग जातो, आणि लोखंडी कढईत घातलीत तर भाजी काळी पडते. शेवटी घाला, स्टीलच्या कढईत.

बर्लिनचा_बंडू
इथे ताजी महाग आणि बहुतेक वेळा लोळागोळा झालेली, त्यामुळे फ्रोझन आणतो. वितळवून, पिळून सगळं करून पाहिलं, तरी लापशी. काही उपाय?

पोळीभाजी_काकू
वितळवायचीच नाही, थेट कडकडीत तेलात, थोडी थोडी. तरी ताज्यासारखी नाही होणार, चिंच-गुळाची रस्सा भाजी कर त्यापेक्षा.

डबेवाली_आई
आज केली! काकू, मधे खरंच इतके धागे आले की झाकणाकडे हात गेलाच होता. पण नाही ठेवलं. तार जवळजवळ नाही, लेकाने डबा संपवला. फक्त दुसरा घाणा तळाला लागला, काळे ठिपके ठिपके. पहिल्या घाण्याचा चिकटा कढईला राहिला म्हणून का आच फार झाली? मधे कढई धुवायची का? आणि हळद फोडणीत घालू की मिठाबरोबर, कारण जळकट वास तिचाच वाटला.