शब्दचर्चा: ‘स्टेलियम’ला आपल्याकडे काय म्हणतात?

वेंगुर्ल्याची लेक: मोबाईलवर बाबांची पत्रिका काढली, तर त्यात ‘स्टेलियम’ असा शब्द आला. जन्म ४ फेब्रुवारी १९६२, मालवण. सगळे ग्रह मकरेत गोळा झालेत. मराठीत याला काय म्हणायचं आणि अर्थ काय घ्यायचा?

हर्णैचा: एका घरात तीन ग्रह आले की स्टेलियम. त्या घराचाच माणूस होतो.

पंचांगवाले आजोबा: तीनवर थांबू नका. बुध आणि शुक्र सूर्यापासून फार लांब जातच नाहीत, त्यामुळे हे तिघं एका राशीत कितीतरी पत्रिकांत सापडतात. चारपासून पुढे आपण चतुर्ग्रही, पंचग्रही म्हणतो. बाबांची तर अष्टग्रही! तेव्हा जगबुडी येणार म्हणून लोक घाबरले होते, होमहवनं झाली. जग काही बुडालं नाही.

बाळा, जन्मवेळ काय? सूर्योदयाला जन्म असेल तर लग्न मकर, म्हणजे ही सगळी गर्दी पहिल्या घरात. माणसाचा सारा जोर स्वतःला घडवण्यावर, तब्येतीवर, आपल्या हट्टावर. साडेअकराच्या सुमारास असेल तर लग्न मेष, आणि तीच गर्दी दहाव्या घरात, कामधंद्यात. दिवस एकच, पण आयुष्याचा भर वेगळा.

वेंगुर्ल्याची लेक: आजी म्हणायची, होड्या मासळी उतरवून गेल्या होत्या आणि पेजेची वेळ झाली होती.

पंचांगवाले आजोबा: मग मेष लग्न धरून बघू. पण आठही ग्रह सारखे बोलत नाहीत. मकरेत मंगळ उच्चीचा आणि तो लग्नाचा मालक. शनी स्वतःच्या घरात. हे दोघं पुढारी. गुरू तिथे नीचीचा, शिवाय सूर्याच्या फार जवळ म्हणून अस्तंगत. म्हणजे काम कष्टाचं, हत्यार-यंत्राचं, जबाबदारीचं; शिकवण्या-सल्ल्याचं मागे. आणि रिकाम्या घरांना घाबरू नका. त्यांचे मालक सगळे दहाव्यातच बसलेत, म्हणून संसार, पैसा, मुलं यांचे प्रश्नही कामाच्या वाटेने येतात.

वेंगुर्ल्याची लेक: बाबांचं इंजिनदुरुस्तीचं वर्कशॉप आहे. घरातला प्रत्येक निर्णय तिथेच होतो.

देवगडची आई: माझ्या मुलाच्या बाराव्यात चार ग्रह. तो दुबईला जाईल ना?

हर्णैचा: चार एकत्र म्हणजे संन्यास. वराहमिहिराच्या बृहज्जातकात प्रव्रज्येचा अध्यायच आहे.

पंचांगवाले आजोबा: अध्याय आहे, पण तिथे ग्रहांचं बळही बघितलंय. नुसती चारची मोजणी पुरत नाही. ताई, बारावं घर परदेशाचं तसंच खर्चाचं आणि एकांताचंही. कोणते चार ते कळवा, आणि सध्या दशा कुणाची चालू आहे तेही. त्या चौघांपैकी एकाची असेल तरच ते घर आत्ता जोरात बोलतं.

हर्णैचा: आणि केतू मोजायचा का? तो तर छायाग्रह. मग बाबांची सप्तग्रहीच म्हणा.

पंचांगवाले आजोबा: १९६२ साली सगळ्यांनी अष्टग्रहीच म्हटलं. मी बळ बघताना केतू सोडतो, माझे गुरुजी मोजायचे.