अनुभव धागा: केस गळतात म्हणून दिवसातून किती वेळा आरसा बघता?

खाडीपल्याड:
परवा रात्री वीज गेली ती काल दुपारी आली. कंदील शोधताना २०२० आठवलं. आम्ही दापोली तालुक्यात, समुद्रापासून दहा मिनिटांवर. त्या वर्षी फेब्रुवारीत मला टायफॉइड झाला आणि एप्रिलअखेर केस गळायला लागले. लॉकडाऊन, त्यामुळे वेळच वेळ. सकाळी उठले की भांग बघ, न्हाऊन आले की ट्यूबखाली ओले केस बाजूला करून बघ, दुपारी मोबाइलचा टॉर्च डोक्यावर धरून फोटो काढ आणि लग्नातल्या फोटोशी झूम करून ताडून बघ. उशीवरचे, मोरीतले केस मोजून कॅलेंडरवर आकडा लिहायचे. एकदा १४३ झाले, त्या रात्री झोपलेच नाही. नवरा म्हणाला, एवढं लक्ष बागेत दिलं असतंस तर!

३ जूनला निसर्ग वादळ आलं. कौलं गेली, कपाटाचा आरसा फुटला. आमच्या वाडीत वीज २६ दिवस नव्हती. मोबाइल जनरेटरवर चार्ज व्हायचा तो फक्त माहेरी फोन करण्यापुरता. दिवसभर ओले कपडे, पडलेल्या झाडांची लाकडं, कौलं. केस कुणाला आठवतायत! जूनअखेर शेजारणीच्या आरशात पाहिलं तर कपाळाजवळ पेराएवढे नवे केस उभे राहिलेले. आरसा फुटला म्हणून केस आले, असं मी बरेच दिवस सगळ्यांना सांगत होते. तुमचं काय?

सुपारीवाला:
आमच्याकडे आरसा फुटला तर आई सात पिढ्यांचा उद्धार करते. तुमचे केस आले 😄

वेंगुर्ल्याची बाय:
गो बाय, माका पण तसाच झाला होता, बाळंतपणानंतर. आवशीन रोज माक्याचा तेल लावल्यान. माका माका नको, माका माका नको करत पळतंय मी 😂

विहीरकाठ:
पाण्याकडे कुणीच बघत नाही. आमची विहीर किनाऱ्याला, एप्रिल-मेमध्ये पाणी मचूळ होतं आणि तेव्हाच केस गळतात. मुळापासून निघतात, टोकाला पांढरा गोळा असतो. फिल्टर लावा, आरशाचं जाऊ दे.

दवाखानेवाली:
चिपळूणला त्वचेच्या दवाखान्यात १४ वर्षं काम करतेय, म्हणून लिहिते. दुपारची ओपीडी संपलीय, जेवता जेवता टाइप करतेय.

खाडीपल्याड ताई, तुमचे केस आरसा फुटला नसता तरी आलेच असते. मोठा ताप येऊन गेला की बरेच केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. फेब्रुवारी ते एप्रिल, हिशेब जुळतो. म्हणजे आज मोरीत पडलेल्या केसाचा निर्णय दोन-तीन महिन्यांपूर्वीच झालेला असतो. काल तेल लावलं, आज जागरण केलं, यातलं काहीच आजच्या आरशात दिसत नाही. पण बघणाऱ्याला वाटतं आत्ता काहीतरी बिघडतंय, म्हणून तो परत बघतो.

विहीरकाठ दादा, खाऱ्या पाण्याने केस राठ होतात, मधूनच तुटतातही. पण तो पांढरा गोळा म्हणजे मूळ नव्हे. विश्रांती संपवून गळणाऱ्या प्रत्येक केसाला तो असतो. मूळ आतच राहतं.

विहीरकाठ:
बरं. पण फिल्टर लावल्यावर माझ्या बायकोचे थांबले, ते कसं?

दवाखानेवाली:
कधी लावलात? अशी गळती बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप ओसरते. त्या काळात जे काही केलं असेल त्याला श्रेय मिळतं. माक्यालाही 😊

समुद्रपक्षी:
वय २३, फेरीबोटीच्या काचेत, दुकानाच्या काचेत, सेल्फी कॅमेऱ्यात... मोजत नाही किती वेळा. दोन्ही बाजूंनी कपाळ वर चाललंय. बाबांना टक्कल आहे. म्हणजे मी बघायचं बंद केलं की थांबेल ना?

दवाखानेवाली:
नाही रे. तुझं वेगळं असू शकतं. तापानंतर केस सगळ्या डोक्यावरून गळतात. कपाळाच्या कोपऱ्यातून मागे जाणं किंवा भांग हळूहळू रुंदावणं आनुवंशिक असतं, त्यात केस पडतात कमी आणि बारीक होत जातात जास्त. ते काळजी सोडून थांबत नाही, त्यावर औषधं आहेत आणि लवकर सुरू केलेली बरी. एकदा त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. मिनॉक्सिडिल दिलं तर सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढू शकते, तेव्हा रोज आरसा बघणारी मुलं घाबरून तेच बंद करतात. आणि रुपयाएवढा गोल चट्टा दिसला तर ती चाई, तिचं तिसरंच.

मालगुंडकर:
माझी गोष्ट उलटी. वादळात आमचं काही नुकसान नाही, पण भावाच्या घराची धावपळ, रात्री जागरणं. आणि केस गळायला लागले थेट गणपतीत, आरती करताना ताटात! कुणाला वादळ सुचलंच नाही. ऊदबत्तीच्या धुराला दोष दिला.

दवाखानेवाली:
३ जून ते २२ ऑगस्ट. अकरा आठवडे, बरोब्बर.

आंबेवाली:
मधेच विचारते, पायरीच्या पेट्या कुणाकडे शिल्लक आहेत का

सुपारीवाला:
इथे डोक्यावर काही शिल्लक नाही, पेट्या कुठून

नऊवारी:
गंमत वाटेल, पण मी केस गळतात म्हणून धुणंच सोडलं होतं. दहा दिवसांनी न्हायले की मोरीत हा मोठा गुंता. पिशवीत भरून डॉक्टरकडे नेला होता.

दवाखानेवाली:
पिशव्या, पाकिटं, डबीसुद्धा येते आमच्याकडे. हिशेब करा ना. चांगल्या डोक्याचेही दिवसाला ५० ते १०० केस जातात. दहा दिवस न धुता, न विंचरता ठेवले की सुटलेले केस आतच अडकून राहतात आणि न्हाण्याच्या दिवशी दोन-तीनशे एकदम हातात येतात. बाई घाबरते आणि पुढचं न्हाणं पंधरा दिवसांवर ढकलते. पुढच्या वेळी गुंता त्याहून मोठा. अशांना आम्ही एक दिवसाआड धुवायला सांगतो. पहिली दोन न्हाणी भीती वाटते, मग आकडा खाली येतो, कारण साठा संपलेला असतो.

नऊवारी:
तस्सच झालं. तिसऱ्या न्हाण्याला मूठभर नव्हते, बोटाभोवती गुंडाळण्याएवढेच.

समुद्रपक्षी:
पण काळजीनेच गळतात ना? सगळे म्हणतात.

दवाखानेवाली:
मोठ्या धक्क्याने, आजाराने, उपासमारीने गळतात हे नक्की. रोजच्या कुरकुरीने किती, यावर आमच्या डॉक्टरांचंही एकमत नाही. मला जे दिसतं ते एवढंच की काळजीने झोप जाते, जेवण कमी होतं, कुणी डाएट सुरू करतं, आणि त्याने मात्र गळती लांबते. म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड बघतो.

खाडीपल्याड:
मग बघायचं तरी कधी? अजिबात नाही म्हटलं की मला जास्तच आठवतं.

दवाखानेवाली:
केस महिन्याला सेंटीमीटरभर वाढतो, मग रोज काय दिसणार? महिन्यातून एकच फोटो. एकच खिडकी, तीच वेळ, कोरडे केस, तोच भांग, कुणाकडून तरी हातभर अंतरावरून. ओले केस आणि डोक्यावरचा दिवा यांत कुणाचंही टाळू दिसतं. बाकी आरसा विंचरण्यापुरता. मधेच बघावंसं वाटलं तर पंधरा मिनिटं थांबायचं, घड्याळ लावून. बऱ्याचदा तोवर विसरायला होतं.

आणि कुणी दिवसाचे तास यातच घालवत असेल, बाहेर जाणं टाळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठवतो. तिथे केसांचं औषध पुरत नाही.

समुद्रपक्षी:
पंधरा मिनिटं थांबून बघितलं. सोळाव्या मिनिटाला बघितलं 😐

वेंगुर्ल्याची बाय:
चलात रे, उद्या वीस.

खाडीपल्याड:
मी कपाटाच्या आरशावर टॉवेल टाकलाय. सासूबाई विचारतायत, ग्रहण आहे का आज? आता त्यांना काय सांगू. आंबेवाली ताई, पायरी नाही, हापूसच्या दोन पेट्या आहेत, मेसेज करा.