रंग ओळखता न येणं: शाळेतले, नोकरीतले अनुभव सांगा (आणि नकाशा सुधारायचा कसा तेही)

गिरणाकाठ
गेल्या आठवड्यात एका गावात बैठक होती. आमची संस्था पाण्याचं काम करते आणि नकाशे मी बनवतो. एका तालुक्यातल्या गावांचा टंचाईचा नकाशा भिंतीवर लावला होता, लाल म्हणजे टँकर लागणार, पिवळं म्हणजे विहीर अधिग्रहण, हिरवं म्हणजे पाणी पुरेसं. पंचविशीतला एक पोरगा पुढे आला, बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "दादा, आमचं गाव कोणत्या रंगात आहे ते तोंडाने सांगा ना, मला लाल आणि हिरवं एकच दिसतंय." मी लेजंडकडे बोट दाखवलं तर म्हणे तिथले दोन चौकोनही सारखेच आहेत.

त्या क्षणी मला सातवीतला माझ्या बाकावरचा मित्र आठवला. त्याने चित्रकलेच्या तासाला झाडाची पानं तपकिरी रंगवली होती, सरांनी वही वर्गभर फिरवली, आणि हसणाऱ्यांत मीही होतो. तो पुढे खडूच्या पेटीतल्या कांड्यांवर ब्लेडने खुणा करून आणायचा, एक रेघ म्हणजे लाल, दोन म्हणजे हिरवा. हे कशासाठी ते मी कधी विचारलंच नाही, आज फार वाईट वाटतं.

तुमच्या घरात, वर्गात, नोकरीत असं कोणी असेल तर लिहा. नकाशाचं मी काय केलं ते खाली सांगतो.

भुसावळची लेक
माझा मोठा भाऊ. असिस्टंट लोको पायलटची कॉम्प्युटरवरची लेखी पास, मेडिकलला ठिपक्यांचं पुस्तक समोर ठेवलं आणि दहा मिनिटांत सगळं संपलं. आमच्याकडे प्रत्येक घरात रेल्वेवाला त्यामुळे लहानपणापासून तेच स्वप्न. चोवीस वर्षं घरात कोणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नाही!! आई तर म्हणते तो लहानपणी सिग्नल बरोबर सांगायचा. आता कळतं की तो वरचा दिवा, खालचा दिवा असं पाहून सांगत होता.

सातपुडा_७७
लोको पायलटच्या ए-वन मेडिकल वर्गात सूट नसते ताई, आणि तिथे ते बरोबरच आहे, रात्री धुक्यात सिग्नलचा एकच दिवा दिसतो, वरचा की खालचा कळायला मार्ग नाही. पण सी-टू सारख्या वर्गात रंगाची परीक्षा नसते, ऑफिसच्या बऱ्याच जागा त्यात येतात. फॉर्म भरतानाच मेडिकल वर्ग बघून पोस्टचा क्रम लावायचा, आमच्या भाच्याने तसंच केलं.

रेखा_धरणगाव
गाजर आणि शेवग्याचा पाला द्या, व्हिटॅमिन ए कमी पडलं की असं होतं. माझ्या सासऱ्यांना संध्याकाळनंतर दिसायचं नाही, डॉक्टरांच्या गोळ्यांनी खूप फरक पडला.

डोळ्यांचं_काम
रेखाताई ते रातांधळेपण, ते वेगळं. हे जन्मतःच असतं, पडद्यातल्या शंकूपेशींपैकी लाल किंवा हिरव्यासाठीच्या पेशी नसतात किंवा त्यांचा कल सरकलेला असतो. गाजराने बदलत नाही. (सासऱ्यांना बरं वाटलं हे वाचून आनंद झाला.) मी चष्म्याच्या दुकानात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, पोरं भरतीच्या आदल्या दिवशी तपासायला येतात, तो दिवस फार उशिराचा. आठवीतच तपासा. ठिपक्यांचं पुस्तक इशिहारांचं, 1917 पासूनचं. दिवसाच्या उजेडात, पाऊण मीटरवरून, एका पानाला तीन सेकंद. मोबाईलवर ॲपमध्ये करून "पास झालो" म्हणू नका, स्क्रीन रंग बदलते. आणि हे पुस्तक दोष आहे की नाही ते छान पकडतं पण किती आहे ते नीट सांगत नाही, त्याला रंगीत टोप्या क्रमाने लावायची डी-15 चाचणी करतात. सौम्य असणाऱ्याला त्याने पुढे फायदा होतो.

केळीबाग
हे फक्त मुलांना होतं ना? आणि बापाकडून येतं. मला आहे म्हणून मुलाची काळजी वाटते, मुलीला काही नाही.

डोळ्यांचं_काम
उलटं आहे दादा. मुलाला तुमच्याकडून वाय गुणसूत्र जातं, हा दोष एक्सवर असतो. म्हणजे तुमच्यामुळे मुलाला होत नाही. मुलीला तुमचा एक्स जातोच, तिला बहुधा दिसायला त्रास नसेल पण तिच्या मुलांपैकी कोणाला येऊ शकतो. नाना ते नातू असा प्रवास. मुलीलाही होतो, बाप असा आणि आईकडूनही तसाच एक्स मिळाला तर, म्हणून मुलींत कमी आढळतो.

केळीबाग
माझ्या मामालाही आहे. आईने कधी सांगितलं नाही. आज पहिल्यांदा जोडून बघतोय.

नंदुरबारची_मिरची
आमच्याकडे लाल मिरची तोडायला भाऊ कधी जायचा नाही, बाबा त्याला आळशी म्हणायचे. हिरव्या पानांत त्याला लाल मिरची दिसतच नाही हो. आता तो हाताने चाचपतो, पिकलेली जरा मऊ पडते आणि देठाशी सुरकुतते. आणि दुपारपेक्षा सकाळी जातो. काल त्याला विचारलं लाल कसा दिसतो तुला तर म्हणे मळकट सोन्यासारखा. मना भाऊ असा बोलस, कधी विचारलंच नव्हतं आम्ही.

गुरुजी_धुळे
रसायनशास्त्र शिकवतो, चुकलेल्यांत मी स्वतः आहे. अनुमापनात मिथाईल ऑरेंज घेतलं की पिवळ्यातून नारिंगी होताना एक मुलगा दरवेळी दोन तीन मिली पुढे जायचा, मी निष्काळजी समजून गुण कापले. पुढे त्याचे बाबा भेटले तेव्हा कळलं. आता त्याच्यासारख्यांना फिनॉल्फ्थॅलीन देतो, रंगहीन ते गुलाबी, तिथे रंग ओळखायचा नसतो, काही नव्हतं तिथे काहीतरी आलं एवढंच बघायचं. खाली पांढरी टाइल आणि शेजारी न बदललेला फ्लास्क. हिरव्या फळ्यावर लाल खडू बंद केला, पिवळा आणि पांढरा बस. क्षार विश्लेषणातल्या ज्योतीच्या रंगाचं काय करायचं ते मला अजून उमगलं नाही, कोणी सांगेल का.

सातपुडा_७७
जोडीदार रंग सांगेल आणि निष्कर्ष तो काढेल असं करता येतं का सर? परीक्षेत चालेल का माहीत नाही.

एमबीबीएस_आई
मुलाचा दोष सौम्य आहे. मेडिकल कॉलेजला घेतील का? शेजारचे म्हणाले फॉर्मच भरू नका. त्यावरून घरी भांडण.

डोळ्यांचं_काम
फॉर्म भरा. 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने त्रिपुराच्या केसमध्ये अशा विद्यार्थ्यांना एमबीबीएसला घ्यायला सांगितलंय. 2022 ला पुण्याच्या फिल्म संस्थेलाही सांगितलं, सगळे कोर्स खुले करा म्हणून. गाडीच्या लायसन्सचंही 2020 पासून सौम्य आणि मध्यम दोष चालतो, तीव्र नाही.

गाडीवाला
ते परदेशी चष्मे घातले की सगळं बरं होतं म्हणतात, महाग आहेत एवढंच.

डोळ्यांचं_काम
बरं होत नाही. काही तरंग गाळून टाकतात त्यामुळे काहींना काही रंगांमधला फरक ठळक होतो, तीव्रवाल्यांना फारसा उपयोग नाही. आणि भरतीच्या मेडिकलला घालून बसू देत नाहीत.

गिरणाकाठ
सगळं वाचतोय, डोळे भरून आले. आता नकाशाचं.

माझा लाल `#C0392B` होता आणि हिरवा `#3A7D2C`. नकाशा QGIS ह्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला आणि View मधल्या Preview Mode मध्ये Simulate Color Blindness, Deuteranopia, म्हणजे हिरव्याच्या पेशी नसलेला प्रकार, निवडलं. टँकरची गावं आणि पुरेशा पाण्याची गावं दोन्ही एकाच मळकट खाकी रंगात गेली, फक्त पिवळं वेगळं राहिलं. म्हणजे सगळ्यात वाईट आणि सगळ्यात चांगलं एकत्र. मग नकाशा करड्या रंगात बघितला, तिथेही दोघं सारखेच. इथे मला खरं कारण कळलं, दोघांचा उजळपणा जवळपास एकच होता, फरक फक्त रंगाचा, आणि त्या मुलाला तोच दिसत नाही. पोपटी हिरवा आणि गडद लाल घेतला असता तर कदाचित त्याला काहीतरी कळलं असतं.

मग आधी निळ्या छटा घेतल्या, जास्त टंचाई तितका गडद निळा. बैठकीतल्या एका आजींनीच ते मोडलं. म्हणे "गडद निळं म्हंजे भरपूर पाणी ना बाबा?" खरंच की. म्हणून निळा सोडून नारिंगी ते तपकिरी घेतलं, कोरड्या मातीसारखं:

```
टँकर       #A63603
अधिग्रहण   #FD8D3C
पुरेसं      #FEEDDE
```

ह्या छटा नकाशांचे रंग सुचवणाऱ्या ColorBrewer साइटवरच्या आहेत. एकाच रंगाच्या, फक्त गडदपणा बदलतो, त्यामुळे सगळ्यांना क्रम दिसतो. झेरॉक्स काढली तरी टिकतो, आणि ग्रामपंचायतीच्या बोर्डावर तर आपली कायम झेरॉक्सच लागते! टँकरच्या गावांवर तिरक्या रेषाही टाकल्या. लेजंड कोपऱ्यातून काढून गावाच्या नावाखालीच "टँकर" लिहिलं.

एक धोका सांगतो. करडी चाचणी पुरेशी नाही. ज्यांच्या लालच्या पेशी नसतात त्यांना लाल अजूनच काळपट दिसतो, काळ्या अक्षरांशेजारी लाल अक्षरं लिहिली तर ठळकपणा हरवतो. म्हणून Protanopia पण बघा.

हिशोबनीस
मार्केटचे भाव बघतो, एक्सेलमध्ये कंडिशनल फॉरमॅटिंगची लाल पिवळी हिरवी पट्टी मी दहा वर्षं वापरली. साहेब त्यावर कधीच काही बोलायचे नाहीत, आता वाटतंय का बोलायचे नाहीत. आयकॉन सेटमध्ये गोल, त्रिकोण, चौकट असलेला सेट आहे तो वापरतो आजपासून. पण कापूस, केळी, मका, हरभरा चार रेषा एका चार्टमध्ये असतील तर काय?

गिरणाकाठ
रेषेच्या शेवटी पिकाचं नाव लिहा, लेजंड नको. शिवाय एक तुटक, एक जाड. रंग `#0072B2` निळा आणि `#E69F00` नारिंगी ही जोडी बहुतेकांना वेगळी दिसते. चारच्या वर गेलं तर दोन चार्ट करा.

भुसावळची लेक
भावाला हा नकाशा पाठवला. तो आता सी-टूमध्ये कारकून आहे. म्हणे गडद आणि मधला झकास वेगळे, पण सर्वात हलका आणि कागद एकच दिसतो, त्याला वाटलं त्या गावांची माहितीच मिळालेली नाही.

गिरणाकाठ
हे मला दिसलंच नव्हतं. सगळ्या गावांना करडी सीमा देतो आणि हलक्यावर "पुरेसं" हा शब्द ठेवतो. माहिती नसलेल्या गावांना ठिपके. भावाला सांग ना, छापण्याआधी पुन्हा एकदा पाठवतो.

भुसावळची लेक
पाठवा. तो म्हणतोय उन्हात मोबाईलवर बघून सांगतो, घरात बघून नाही.